केबलची झीज: आवरणाची आणि तांब्याची

मोबाइल चार्ज करण्याची केबल निकामी होते तेव्हा बहुतेक वेळा तिचा मधला भाग शाबूत असतो. मीटरभर लांबीत कुठेही खरचटलेले नसते आणि पिनपासून पाव-अर्ध्या इंचावर मात्र ती मेलेली असते. इस्त्रीच्या वायरचे तेच, हेडफोनच्या वायरचे तेच, मिक्सरच्या वायरचेही बहुधा तेच. दुकानात मात्र केबल निवडताना सगळे लक्ष आवरणाकडे जाते: नायलॉनची विणलेली घ्यावी की गुळगुळीत रबरी घ्यावी? खरे तर येथे दोन वेगळे प्रश्न आहेत. आवरण कसे झिजते हा एक आणि आतले तांबे कुठे व का तुटते हा दुसरा. दोन्हींची कारणे वेगळी आहेत आणि ती ज्या थोड्या जागी एकमेकांना भेटतात ती जागा म्हणजे पिनची मान. या प्रस्तावनेत घरातली साधी चार्जिंग केबल समोर ठेवून हा सगळा प्रकार क्रमाने पाहायचा आहे.

केबल आडवी कापली तर आत काय दिसते, येथून सुरुवात करणे सोयीचे. साध्या यूएसबी केबलमध्ये सहसा चार वायरी असतात: दोन वीज नेणाऱ्या, दोन माहिती नेणाऱ्या. टाइप-सी केबलमध्ये त्यांच्या जोडीला आणखी एखादी असते, जी दोन्ही टोकांच्या उपकरणांना एकमेकांची ओळख पटवते. प्रत्येक वायरीत तांब्याच्या अनेक बारीक तारा एकत्र पिळलेल्या असतात आणि त्यांच्यावर स्वतःचे पातळ रंगीत प्लास्टिक असते. या वायरींच्या भोवती बऱ्याचदा पातळ धातूची पन्नी किंवा तारांची जाळी असते आणि सगळ्यांवर मिळून एक बाहेरचे आवरण. रबरी म्हणून विकली जाणारी केबल येथेच संपते. विणलेल्या केबलमध्ये मात्र त्या आवरणावर नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या धाग्यांची नळी विणलेली असते. म्हणजे विणलेली केबल ही रबरी केबलला पर्याय नसून रबरी केबलवर चढवलेला आणखी एक थर आहे. विणीखालचे आवरण पुष्कळदा साध्या केबलपेक्षा पातळच असते.

‘रबरी’ हा शब्दही सैल आहे. आज घरात दिसणाऱ्या केबलमध्ये खरे रबर क्वचितच असते. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वापरले जाणारे आवरण पीव्हीसीचे असते. पीव्हीसी मुळात कडक असते. पाण्याचे पाइप त्याचेच. त्याला वाकते करण्यासाठी त्यात तेलासारखी द्रव्ये मिसळतात, ज्यांना प्लॅस्टिसायझर म्हणतात. ही द्रव्ये पीव्हीसीशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, फक्त त्याच्या रेणूंमध्ये शिरून बसलेली असतात. त्यामुळे उष्णतेने आणि काळाने ती हळूहळू बाहेर पडतात, काही हवेत उडतात, काही जवळच्या वस्तूत उतरतात. खिडकीजवळ किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर वर्षभर पडलेली केबल कडक आणि ठिसूळ होते ती यामुळे. अशी केबल वाकवली की आवरणाची बाहेरची बाजू ताणली जाते, ताण सोसत नाही आणि आडवी चीर पडते.

दुसरा प्रकार टीपीई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लवचीक प्लास्टिकचा. हे हाताला मऊ लागते, पीव्हीसीसारखे लवकर कडक होत नाही, पण त्याचा शत्रू वेगळा आहे. त्याच्या अनेक जातींना तेलाची ओढ असते. हाताचा घाम, त्वचेवरचे तेल, क्रीम, स्वयंपाकघरातला तेलकट थर हे सगळे ते शोषून घेते. मग ते फुगते, पिवळे पडते, चिकट होते आणि त्याची ताकद घटते. केबलला सर्वांत जास्त हात कुठे लागतो, तर पिनजवळ, कारण तेथेच धरून ती लावली आणि काढली जाते. म्हणून टीपीईचे आवरण मानेशी सुटून येते आणि आतली जाळी उघडी पडते, हे दृश्य इतके नेहमीचे आहे. तिसरा प्रकार सिलिकोनचा. ते उन्हाला, उष्णतेला आणि घामाला चांगले टिकते, वाकायला फार सैल असते. पण ते फाटण्याला कमजोर असते. ड्रॉवरच्या कडेने किंवा खुर्चीच्या चाकाने एक बारीक काप पडला की तो काप वाढत जातो.

या सर्व गुळगुळीत आवरणांची झीज एका बाबतीत सारखी आहे: ती डोळ्यांना दिसते आणि एका जागी साठते. आवरणाला एकदा चीर पडली की ती जागा बाकीच्या लांबीपेक्षा मऊ होते. पुढच्या वेळी केबल वाकते ती तेथेच, बिजागरीसारखी. वाकणे तेथे गोळा झाल्यामुळे चीर वाढते आणि चीर वाढल्यामुळे वाकणे आणखी तेथेच येते. आवरण फाटणे म्हणजे अजून तांबे तुटणे नव्हे, पण आतल्या तारांवर येणारा ताण त्या दिवसापासून वाढलेला असतो.

विणलेल्या आवरणाची झीज वेगळ्या वाटेने जाते. विणकाम यंत्रावर धाग्यांच्या कांड्या दोन विरुद्ध दिशांनी गोल फिरतात, एकमेकींच्या खालून-वरून जातात आणि मधून सरकणाऱ्या केबलभोवती जाळीची नळी तयार होते. प्रत्येक धागा पुन्हा अनेक सूक्ष्म तंतूंचा असतो. टेबलाच्या कडेवर, भिंतीवर किंवा बॅगेच्या चेनवर केबल घासते तेव्हा एकेक तंतू तुटतो, पूर्ण धागा नाही. तुटलेल्या तंतूंची टोके वर येऊन केबलवर लव उठते. ही लव पाहून केबल खराब झाली असे वाटते, पण शेकडो तंतूंपैकी काही गेल्याने विणीची ताकद फारशी कमी होत नाही. नायलॉन घासण्याला चिवट असते, त्यामुळे घर्षणात विणलेली केबल गुळगुळीत केबलला बहुतेक वेळा मागे टाकते. शिवाय कापडाच्या विणीत चीर पळत नाही: एक धागा तुटला तर शेजारचा धागा तेथून पुढे ताण घेतो.

विणीचा कमकुवतपणा दुसरीकडे आहे. तिरक्या धाग्यांची नळी ओढली की लांब आणि अरुंद होते, मागे दाबली की आखूड आणि रुंद होते, कारण धागे एकमेकांवर कात्रीसारखे फिरतात. केबलच्या मध्यावर याने काही बिघडत नाही. टोकाला मात्र वीण कुठेतरी कापून थांबवावी लागते. कापलेली वीण स्वतःहून उसवते, म्हणून ती गरम पात्याने कापून तंतू वितळवतात आणि पिनच्या आवरणात चिकटवतात, साच्यात पक्की करतात किंवा धातूच्या कड्याने आवळतात. नुसता गोंद असेल तर रोजच्या ओढाताणीत आणि उष्णतेत तो सुटतो. मग वीण पिनपासून मागे सरकते, एखाद-दोन मिलिमीटर आतले पातळ आवरण उघडे दिसते आणि कापलेल्या टोकापासून धागे सुटू लागतात. मध्ये सर्वांत चिवट असलेले आवरण टोकाला सर्वांत दुबळे ठरते ते असे. त्यात वीण धूळ धरते. मातीचे टोकदार कण धाग्यांमध्ये अडकले की केबल वाकताना ते आतून तंतू कापतात आणि खालच्या आवरणावरही ओरखडे काढतात.

मात्र विणलेल्या केबलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की ती आतले दुखणे झाकते. वीण आतल्या आवरणापासून सुटी असते. खालचे आवरण चिरले, वायरी वाकून गाठीसारख्या झाल्या, तरी वरून नळी तशीच सुबक दिसते. रबरी केबल फाटण्याआधी इशारा देते. विणलेली केबल पुष्कळदा चांगल्या दिसण्यातच बंद पडते. ‘वरून नवी आहे, पण चार्ज होत नाही’ ही तक्रार म्हणूनच विणलेल्या केबलबाबत अधिक ऐकू येते.

आता आतले तांबे. ते झिजत नाही, थकते. तारेचा तुकडा हाताने इकडे-तिकडे वाकवून तोडता येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. एका झटक्यात जी तार ओढून तुटणार नाही ती वीस-पंचवीस वेळा वाकवल्यावर तुटते. धातूचा हा थकवा रेल्वेने ठळकपणे दाखवून दिला. अभियंते विल्यम रँकिन यांनी 1843 मध्ये रेल्वेच्या तुटलेल्या आसांचा अभ्यास मांडला, तेव्हा दिसले की भेगा आसाच्या त्या जागी सुरू होतात जेथे त्याची जाडी एकदम बदलते. जाड भाग आणि बारीक भाग यांच्या सांध्यावर ताण एकवटतो. पिन आणि केबल यांचा सांधा हीच गोष्ट फार टोकाच्या रूपात आहे: एका बाजूला जराही न वाकणारा धातूचा आणि कडक प्लास्टिकचा तुकडा, दुसऱ्या बाजूला बोटावर गुंडाळता येईल इतकी मऊ केबल.

तार वाकते तेव्हा तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. किती ताणली जाते याचा हिशोब सोपा आहे: तारेची जाडी भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट. वीज नेणाऱ्या वायरीत 0.1 मिलिमीटर जाडीच्या 25 तारा आहेत असे धरू. केबल 40 मिलिमीटर त्रिज्येच्या सैल वळणात पडली असेल तर प्रत्येक तारेचा पृष्ठभाग 0.1 भागिले 80, म्हणजे सुमारे 0.13 टक्के ताणला जातो. मोबाइल छातीवर टेकवून झोपून वापरताना केबल पिनपाशी काटकोनात मोडते. तेथे त्रिज्या 4 मिलिमीटर धरली तर ताण 1.25 टक्के होतो, नेमका दहापट. ताण दहापट झाला म्हणून आयुष्य दहापटीनेच घटते असे मात्र नाही. कॉफिन आणि मॅन्सन या दोन अमेरिकी संशोधकांनी 1950च्या दशकात स्वतंत्रपणे मांडलेल्या नियमानुसार, धातू कायमचा वाकेल इतका ताण असेल तेव्हा तो दुप्पट केला की धातू सोसू शकणाऱ्या आवर्तनांची संख्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येते. दहापट ताणाला हा फरक पन्नास-शंभरपटीच्या घरात जातो. केबलच्या मध्यावर जे वळण ती वर्षानुवर्षे सोसते, तेच मानेशी आले की महिन्यांचा प्रश्न होतो.

तारा बारीक ठेवण्याचे कारणही याच हिशोबात आहे. तारेची जाडी कमी तितका ताण कमी. पण हा फायदा मिळायला एक अट आहे: तारा एकमेकींवरून सरकायला मोकळ्या हव्यात. त्या मोकळ्या नसतील तर 25 तारांचा जुडगा 0.6 मिलिमीटर जाडीच्या एकाच सळईसारखा वागतो आणि त्याच 4 मिलिमीटरच्या वळणात त्याचा बाहेरचा पृष्ठभाग साडेसात टक्के ताणला जातो. इतका ताण तांबे फार वेळा सोसत नाही.

तारांना पीळ देतात तो त्या सरकाव्यात म्हणूनच. पिळामुळे प्रत्येक तार काही अंतर वळणाच्या बाहेरच्या बाजूने जाते, मग आतल्या बाजूला येते, पुन्हा बाहेर जाते. बाहेर तिला लांबी कमी पडते, आत तीच लांबी जास्त होते, आणि तार थोडी सरकून दोन्हींचा मेळ घालते. केबलच्या मध्यावरच्या सैल वळणात हा मेळ सहज बसतो, कारण वळण कित्येक सेंटीमीटर लांब असते आणि त्यात पिळाचे अनेक फेरे मावतात. मानेशी दोन गोष्टी एकदम बिघडतात. काटकोनातले 4 मिलिमीटर त्रिज्येचे वळण जेमतेम 6 मिलिमीटर लांबीचे असते. पिळाचा एक फेरा बहुधा त्याहून लांब असतो. त्यामुळे वळणाच्या सबंध लांबीत जी तार बाहेर आहे ती बाहेरच राहते. दुसरे, त्या तारेचे एक टोक पिनच्या आत पक्के केलेले असते, म्हणून तिला पिनच्या बाजूने सरकून लांबी आणता येत नाही. केबलची जी रचना तिला वाकण्यापासून वाचवते तीच नेमकी या अर्ध्या इंचात काम करेनाशी होते. केबल टोकाला तुटण्याचे हे मूळ कारण आहे. बाकीची कारणे यात भर घालतात.

सर्वांत मोठी भर सोल्डरची. पिनच्या आत प्रत्येक वायर छोट्या सर्किट बोर्डला सोल्डरने जोडलेली असते. वितळलेले सोल्डर बारीक तारांमधल्या फटींतून, दिव्याच्या वातीत तेल चढते तसे, इन्सुलेशनच्या आत चढते. जेथपर्यंत ते चढले तेथपर्यंत तारांचा जुडगा घट्ट सळई होतो. त्यापुढे तो पुन्हा मोकळा. या सीमेवर तारा तुटतात. चांगल्या पिनमध्ये ही सीमा कडक प्लास्टिकच्या बऱ्यापैकी आत राहते, जेथे वाकणे पोहोचतच नाही. स्वस्त पिनमध्ये प्लास्टिकचा ठोकळा आखूड असतो आणि सीमा थेट मानेशी येते.

दुसरी भर ओढाताणीची. आपल्याकडे स्विचबोर्ड पुष्कळदा उंच असतो आणि मोबाइल ठेवायला जवळ जागा नसते, म्हणून तो केबललाच लोंबकळत राहतो. कव्हरसकट दोनशे-अडीचशे ग्रॅमचे ते वजन मानेवर येते आणि पंख्याच्या वाऱ्याने किंवा धक्क्याने हलताना मान सतत थोडी वाकत राहते. पिन काढताना पिनला न धरता वायर ओढली तरी तेच. चांगल्या केबलमध्ये ही ओढ तांब्यावर येऊ दिलेली नसते: आत अ‍ॅरामिड धाग्याचा, म्हणजे केवलारसारख्या चिवट तंतूचा, दोरा असतो आणि तो पिनच्या आत बांधलेला असतो. विणलेल्या केबलमध्ये वीण धातूच्या कड्याने आवळलेली असेल तर ती ओढ घेते. यांपैकी काहीच नसेल तर ओढ सोसतो तो फक्त सोल्डरचा सांधा.

मानेवरची रबरी नळी या सगळ्यावरचा उपाय म्हणून असते. कारागीर तिला स्लीव्ह किंवा बूट म्हणतात. तिचे काम केबलला वाकू न देण्याचे नाही, वाकणे पसरवण्याचे आहे. पिनशी ती जाड आणि कडक हवी, पुढे क्रमाने पातळ आणि मऊ होत जायला हवी, म्हणजे वाकणे एका जागी न येता दोन-तीन सेंटीमीटरवर वाटले जाते आणि वळणाची त्रिज्या मोठी राहते. तिच्यावर आडव्या खाचा असतात त्या शोभेसाठी नसून ती क्रमाने मऊ व्हावी म्हणून असतात. पण पुष्कळ केबलवर ही नळी सेंटीमीटरभरच असते आणि टोकापर्यंत सारख्याच कडकपणाची असते. अशी नळी तुटण्याची जागा हटवते, टाळत नाही. केबल पिनशी न तुटता नळीच्या टोकाशी तुटते. मानेला घट्ट चिकटपट्टी गुंडाळणे किंवा श्रिंक ट्यूब चढवणे या घरगुती उपायांचेही असेच होते. बॉलपेनची स्प्रिंग थोडी बरी, कारण ती स्वतः वाकते, पण तिच्याही टोकाला कडा असतेच.

आवरणाचा प्रश्न येथे पुन्हा येतो. केबल स्वतः जितकी ताठ तितका पिन आणि केबल यांच्या कडकपणातला फरक कमी, म्हणून ताठ केबल मानेशी तीव्र कोनात सहसा मोडत नाही. बऱ्याच विणलेल्या केबल ताठ असतात आणि त्यांना हा लाभ मिळतो. पण ताठ केबल मोबाइलच्या खाचेवर तरफेसारखा जोर देते आणि कधी केबल वाचून खाचच सैल होते. सिलिकोनची मऊ केबल खाचेवर जोर देत नाही, पण बूट आखूड असेल तर ती मानेशी सहज दुमडते. म्हणजे आवरण कोणतेही असो, मानेचे आयुष्य ठरते ते बूट, आतला दोरा आणि वळणाची त्रिज्या यांवर. वीण घर्षणापासून वाचवते. थकव्यापासून वाचवण्याचा गुण तिच्यात नाही.

बिघाड एकाएकी का जाणवतो, हे वरच्याच केबलवरून मोजून पाहता येते. 0.1 मिलिमीटरच्या 25 तारा मिळून वायरीचा छेद सुमारे 0.2 चौरस मिलिमीटर होतो. तांब्याच्या अशा एक मीटर वायरीचा रोध साधारण 0.09 ओहम, जाण्याची आणि येण्याची वायर मिळून 0.18 ओहम. 2 अँपियरने चार्जिंग चालू असेल तर केबलमध्ये 0.36 व्होल्ट खर्च होतात आणि 5 पैकी 4.64 व्होल्ट मोबाइलपर्यंत पोहोचतात. आता मानेशी एका वायरीतल्या 25 पैकी 24 तारा तुटल्या असे समजू. तुटका टप्पा 2 मिलिमीटरचा धरला तर वीज तेवढ्या अंतरात एकाच तारेतून जाते आणि पुढे पुन्हा सर्व तारांत पसरते. एका तारेच्या 2 मिलिमीटर तुकड्याचा रोध 0.0044 ओहम. म्हणजे आधीच्या 0.18 ओहममध्ये अडीच टक्क्यांची भर. व्होल्टेजमध्ये फरक शंभराव्या हिश्शाहूनही कमी. चार्जिंग पूर्वीसारखेच चालते. केबल जवळजवळ मेलेली असते आणि कोणाला पत्ता नसतो.

शेवटची तार तुटते तेव्हा चित्र पालटते. तुटलेली टोके इन्सुलेशनच्या नळीत समोरासमोरच असतात आणि केबल एका विशिष्ट कोनात धरली की एकमेकांना टेकतात. अशा नुसत्या टेकलेल्या जोडाचा रोध दर क्षणी बदलतो. तो अर्धा ओहम धरला तर 2 अँपियरला तेथेच 1 व्होल्ट खर्च होतो आणि मोबाइलला 3.64 व्होल्ट उरतात, जे पुरेसे नाहीत. मोबाइल मग कमी वीज ओढतो, चार्जिंग रेंगाळते, चिन्ह लागते आणि जाते. त्या सांध्यावर तोवर 2 वॅटपर्यंत उष्णता तयार होऊ शकते. मोठ्या जागेत 2 वॅट काहीच नाहीत, पण तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत त्या उष्णतेने प्लास्टिक मऊ होते, तपकिरी पडते. मान हाताला गरम लागणे हे म्हणून साधे लक्षण नाही. ती केबल टाकून द्यायची.

माहितीच्या वायरी अधिक बारीक असतात आणि त्या आधी गेल्या तर लक्षणे वेगळी दिसतात. चार्जिंग होते पण कॉम्प्युटर मोबाइल ओळखत नाही, किंवा जलद चार्जिंग थांबून मंद चार्जिंग उरते, कारण अनेक चार्जरची मोबाइलशी बोलणी त्याच वायरींवरून होतात. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलमध्ये ओळखीची वायर तुटली तर चार्जर वीज सोडतच नाही आणि केबल पूर्ण मेल्यासारखी वाटते, जरी वीज नेणाऱ्या जाड वायरी धडधाकट असल्या तरी.

दोष केबलचा की खाचेचा, हे ओळखणे कठीण नाही. पिन खाचेत घट्ट धरून फक्त मानेपुढची केबल हलवावी. चार्जिंगचे चिन्ह येत-जात असेल तर तारा तुटल्या आहेत. उलट केबल स्थिर ठेवून पिनच खाचेत हलवल्यावर चिन्ह येत-जात असेल तर संशय खाचेवर. तेथे बहुधा खिशातला कापूस आणि धूळ दाबून बसलेली असते. टाइप-सीच्या जोडणीला 10,000 वेळा लावण्या-काढण्याचे मानक आहे, दिवसातून तीनदा धरले तरी नऊ वर्षांहून अधिक. म्हणून संपर्क झिजून केबल जाणे विरळा, मान तुटून जाणे नेहमीचे. मल्टिमीटर असेल तर तो सलगतेच्या, म्हणजे बीप देण्याच्या, बटणावर ठेवून केबल एका टोकाकडून थोडी-थोडी वाकवत जावी. बीप जेथे तुटते तेथेच तार तुटलेली असते. विणलेल्या केबलमध्ये, जेथे डोळ्यांना काही दिसत नाही, हीच एक खात्रीची रीत आहे.

हा सगळा विषय इस्त्रीच्या वायरमध्ये मोठ्या आकारात पाहायला मिळतो आणि तेथे विणीचे खरे काम समजते. इस्त्रीची वायर आजही पुष्कळदा सुती विणीची असते. गरम तळाला चुकून टेकल्यावर पीव्हीसी वितळून तार उघडी पडेल. सूत वितळत नाही, फार तर करपते. शिवाय कपड्यावर आणि टेबलाच्या कडेवर ती दिवसभर घासत असते. म्हणजे वीण तेथे उष्णता आणि घर्षण यांसाठी आहे. वाकण्यासाठी इस्त्रीच्या मुठीशी वेगळी सोय असते: लांब रबरी नळी किंवा तारेची स्प्रिंग. तरीही इस्त्रीची वायर तुटते ती त्या नळीच्या आत किंवा तिच्या टोकाशीच, कारण प्रत्येक हात फिरवताना ती तेथे एकदा पुढे, एकदा मागे वाकते. 1000 वॅटची इस्त्री 230 व्होल्टला सुमारे 4.3 अँपियर घेते. तुटक्या सांध्याचा रोध तोच अर्धा ओहम धरला तर तेथे 9 वॅटहून अधिक उष्णता होते, आणि टोके दूर-जवळ होताना ठिणग्या पडतात. सूत तेथे काळे पडते, जळका वास येतो. चार्जिंग केबलमध्ये जो बिघाड गैरसोयीचा असतो तोच येथे आगीचा असतो.

इस्त्रीला एक सवलत मात्र आहे. तिचे टोक उघडता येते. दुरुस्तीवाला शेवटची पाच-सहा इंच वायर कापून टाकतो, नवे टोक सोलून स्क्रूखाली आवळतो आणि वायर पुन्हा वर्षभर चालते, कारण मधले तांबे मुळात थकलेलेच नसते. दुरुस्तीत एकच काळजी महत्त्वाची: स्क्रूखाली घालण्याच्या तारांना सोल्डर लावू नये. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरते, जोड सैल होतो, आणि वर सांगितलेली घट्ट-मोकळ्याची सीमा नव्याने तयार होते. वायर स्क्रूच्या आधी असलेल्या पट्टीत आवरणासकट दाबली गेली आहे ना, हेही पाहावे लागते. ती पट्टीच ओढ घेते. चार्जिंग केबलची पिन साच्यात ओतलेली असते, ती उघडत नाही. तेथे कापून नवी पिन लावणे शक्य असते, पण मूळ बूट आणि आतल्या दोऱ्याची बांधणी परत मिळत नाही, त्यामुळे नवा सांधा जुन्यापेक्षा आधी जातो.

या विवेचनावरून केबल पाहण्याची रीत ठरते. प्रथम मान पाहावी: बूट दोन सेंटीमीटरच्या आसपास आहे का, पुढे मऊ होत जातो का, पिन धरून केबल वाकवली तर एक सलग वळण पडते की एका जागी कोन होतो. नंतर वीण किंवा आवरण पिनमध्ये कसे शिरते ते पाहावे. वीण बोटाने मागे सरकत असेल तर ती फक्त चिकटवलेली आहे. आवरण कोणते, हा प्रश्न शेवटी येतो आणि त्याचे उत्तर वापराच्या जागेवर अवलंबून असते. केबल बॅगेत, गाडीत, खडबडीत कडांवर घासणार असेल तर वीण उपयोगी. उन्हात आणि घामट हातांत राहणार असेल तर सिलिकोन. एका टेबलावर स्थिर राहणार असेल तर साधी पीव्हीसी पुरते, आणि तिचा एक गुण असा की ती खराब होऊ लागली की दिसते. वापरात सांभाळायचे ते तिन्हींत सारखेच: केबल चार्जरभोवती घट्ट गुंडाळू नये, तळहाताएवढ्या सैल वेटोळ्यात ठेवावी, काढताना पिन धरावी, आणि चार्जिंग चालू असताना मोबाइल मानेवर टेकवू किंवा लोंबकळत ठेवू नये.